दहा मिनिटांचं शिथिलीकरण रेकॉर्ड करताना: संहिता, विराम आणि श्वासाच्या खुणा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या शाळा, महिला मंडळं, योगवर्ग आणि घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. पूर्ण संहिता प्रश्न ३ मध्ये आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत तिचाच आधार घेतला आहे, म्हणून ती आधी एकदा मोठ्याने वाचून पाहा.

१. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगसाठी किती शब्द लिहायचे?

तीनशेच्या आत. हा आकडा ऐकून बहुतेकांना वाटतं की एवढ्याने भागणार नाही, आणि मग कागदावर आठशे-नऊशे शब्द होतात. तेवढे शब्द दहा मिनिटांत बसवायचे तर बातम्या वाचल्यासारखं वाचावं लागतं. अंग सैल व्हायला जो वेळ हवा, तो उरतच नाही.

हिशेब सोपा आहे. अशा रेकॉर्डिंगमध्ये मिनिटाला साधारण ८० शब्द ही वाचायची गती बरी पडते. म्हणजे चार शब्दांना तीन सेकंद. खालच्या संहितेत २८८ शब्द आहेत, त्यांना २१६ सेकंद लागतात. मोजून घ्यायचे श्वास आठ आहेत, प्रत्येकी १० सेकंदांचे, म्हणजे ८० सेकंद. उरलेले ३०४ सेकंद नुसते विराम आहेत. तिन्ही मिळून ६००. दहापैकी पाच मिनिटं तुम्ही काहीच बोलत नाही, हे आधीच मान्य केलं की लिहिणं सोपं होतं.

२. विराम आणि श्वास कागदावर कसे दाखवायचे?

तीनच खुणा पुरतात. चौकटी कंसात नुसता आकडा असेल तर तेवढ्या सेकंदांचा विराम: [१०]. श्वास आत घ्यायचा असेल तर [आत ४], बाहेर सोडायचा असेल तर [बाहेर ६]. श्वासाच्या खुणेत तो शब्द उच्चारण्याचा वेळही धरलेला असतो. ‘आत’ म्हणायला लागल्यापासून चार सेकंद मोजायचे, म्हणून संपल्यावर नाही.

टिंबं किंवा ‘थोडा विराम’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला स्वतःची शांतता नेहमीच खरी असते त्याहून लांब वाटते. ‘थोडा विराम’ लिहिलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात दोन सेकंद पडतात. आकडा लिहिला की त्या जागी घड्याळाकडे बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट कागदावरच ठरवा: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, आणि पान उलटण्याची जागा लांब विरामातच. कागदाची सळसळ हेडफोनमध्ये फार मोठी ऐकू येते.

३. तशीच्या तशी वाचता येईल अशी पूर्ण संहिता मिळेल का?

ही घ्या. प्रत्येक भागाचा वेळ शीर्षकात दिला आहे. शीर्षकं अर्थातच वाचायची नाहीत.

*भाग १ – स्थिर होणं (१ मिनिट १५ सेकंद)*

पाठीवर आडवे व्हा, किंवा खुर्चीत टेकून बसा. [४]
हात अंगापासून थोडे दूर, तळवे वरच्या बाजूला. [४]
पायांत थोडं अंतर असू द्या. [४]
डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. नाहीतर नजर एका जागी खाली ठेवा. [४]
पुढची दहा मिनिटं कुठेही जायचं नाही. [४]
बाहेरचे आवाज येतील. पाऊस असेल, वारा असेल, रस्त्यावरची गाडी असेल. ते ऐकू येऊ देत. [५]
जिथे जिथे अंग टेकलं आहे, तिथला आधार जाणवू द्या. [६]

*भाग २ – श्वास (२ मिनिटं)*

आता श्वासाकडे लक्ष द्या. तो बदलू नका. आत येतो, बाहेर जातो, एवढंच पाहा. [१०]
आता सहा श्वास सोबत घेऊ. नाकाने आत, नाकानेच बाहेर. जोर नको. [२]
[आत ४] [बाहेर ६] – असे सहा वेळा
आता मोजणं सोडून द्या. श्वास त्याच्या गतीने चालू दे. [२३]

*भाग ३ – स्नायू (३ मिनिटं १५ सेकंद)*

लक्ष पावलांकडे न्या. पायाची बोटं नडगीकडे ओढा, अर्ध्याच जोराने. धरा. [५]
श्वास बाहेर सोडताना पाय सैल सोडा. [१५]
ताण होता तेव्हा आणि आता, यातला फरक पाहा. [१०]
आता दोन्ही हातांच्या मुठी वळा. अंगठा बोटांच्या बाहेर. धरा. [५]
श्वास सोडत मुठी उघडा, बोटं आपोआप सैल पडू द्या. [१५]
तळव्यांत ऊब असेल तर असू द्या. [५]
खांदे कानांकडे उचला. श्वास चालूच ठेवा. धरा. [५]
आता खांदे खाली पडू द्या. [१५]
मान, पाठ, कंबर, सगळ्याचा भार खाली जाऊ द्या. [१०]
आता चेहरा. डोळे घट्ट मिटा, कपाळ आवळा. धरा. [५]
सोडा. कपाळ मोकळं. दात एकमेकांपासून वेगळे. जीभ सैल. [१५]
पावलांपासून डोक्यापर्यंत एकदा हळूच फिरून या. जिथे ताण उरला असेल, तिथे श्वासासोबत तो सुटू द्या. [१६]

*भाग ४ – निवांत जागा (२ मिनिटं)*

आता एक जागा मनात आणा, जिथे तुम्हाला निवांत वाटतं. घरची पडवी असेल, वाडीतली सावली असेल, देवळाचा ओटा असेल. [१०]
तिथे काय दिसतं, हळूहळू पाहा. उजेड कुठून येतो? [१३]
कोणते आवाज येतात? जवळचे. मग दूरचे. [१४]
अंगाखाली काय आहे? चिऱ्याचा गारवा, लाकूड, माती? [१४]
आता त्या जागेत नुसतं बसा. [१५]
मन दुसरीकडे गेलं असेल तर श्वासावर परत या. [१५]

*भाग ५ – परत येणं (१ मिनिट ३० सेकंद)*

आता हळूहळू परत येऊ. त्या जागेचा निरोप घ्या. [६]
श्वास थोडा मोठा होऊ द्या. [आत ४] [बाहेर ६]
आणखी एकदा. [आत ४] [बाहेर ६]
हातापायांची बोटं हलवा. [४]
मनगटं आणि घोटे फिरवा. [५]
खोलीतले आवाज ऐका. [६]
आडवे असाल तर कुशीवर वळा. क्षणभर तिथेच थांबा. [१०]
हाताचा आधार घेऊन सावकाश उठून बसा. [५]
डोळे उघडा. लगेच उभे राहू नका.

शेवटची ओळ शोभेसाठी नाही. दहा मिनिटं आडवं राहून एकदम उभं राहिलं की काहींचा रक्तदाब क्षणभर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळून थांबणं आणि मग बसणं, हे दोन टप्पे कापू नका.

४. आत चार आणि बाहेर सहाच का? पाच-पाच चालेल का?

चार आणि सहा मिळून दहा सेकंद होतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. निवांत बसलेला मोठा माणूस एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मंदावण्याचं काम व्हेगस नावाची मज्जातंतू करते. सोडण्याचा भाग लांबवला की मंदावण्याच्या बाजूला जास्त वेळ मिळतो. पाच-पाचनेही गती तीच राहते आणि ते चुकीचं नाही. मात्र नवख्या माणसाला पाच सेकंद आत घ्यायला सांगितलं की तो छाती फुगवून हवा भरतो. चार सेकंदांत तेवढी घाई किंवा हाव होत नाही.

मध्ये श्वास रोखायला सांगू नका. समोर शिक्षक असताना कुंभक शिकणं वेगळं. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही.

कुणी ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्याचं, गरगरल्याचं सांगितलं तर समजावं की तो गरजेपेक्षा खोल श्वास घेत होता. खूप हवा आतबाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यातूनच ही लक्षणं येतात. संहितेतलं ‘जोर नको’ त्यासाठी आहे. तक्रार वारंवार येत असेल तर मोजलेले श्वास सहावरून तीनवर आणा आणि वाचलेले ३० सेकंद पुढच्या विरामात घाला.

५. ऐकणारे सांगतात की माझ्या सूचनेच्या आधीच त्यांचा श्वास संपतो, किंवा सूचना येईपर्यंत ताटकळावं लागतं. काय चुकतं?

सूचना लांब असते. ‘आता नाकाने हळुवारपणे एक दीर्घ श्वास आत घ्या’ हे वाक्य म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. ऐकणारा ‘श्वास’ हा शब्द येताच आत घ्यायला लागतो, आणि वाक्य पुरं होईपर्यंत त्याची छाती भरून जाते. मग तुम्ही चार मोजता, तेव्हा त्याने श्वास धरून ठेवलेला असतो. सहा वेळा असं झालं की माणूस सैल होण्याऐवजी कंटाळतो, कधी घाबरतोही.

म्हणून कसं करायचं ते आधी पूर्ण सांगून टाकायचं (‘नाकाने आत, नाकानेच बाहेर’), आणि प्रत्यक्ष श्वासाच्या वेळी एकच शब्द: ‘आत’, ‘बाहेर’. तो शब्द श्वासाच्या सुरुवातीला पडला पाहिजे. रेकॉर्ड करताना तुम्ही स्वतःही त्याच लयीत श्वास घेत असाल तर शब्द आपोआप जागेवर पडतो. ‘बाहेर’ हा शब्द तुमच्याच सुटत्या श्वासावर म्हणा, आवाज नैसर्गिकपणे खाली उतरतो. ‘आत’ मात्र श्वास घेता घेता म्हणता येत नाही. तो म्हणून लगेच श्वास घ्यायचा.

पहिल्या चार फेऱ्यांत दोन्ही शब्द म्हणा, शेवटच्या दोन फेऱ्यांत फक्त ‘बाहेर’. तोवर लय बसलेली असते. कुणाची बसली नसेल तर त्याला तुमच्या मोजणीतून सुटायला तिथे वाट मिळते. दहा मिनिटं सतत मोजत राहणारी रेकॉर्डिंग फसतात ती याच कारणाने: प्रत्येकाची छाती वेगळी, आणि आवाज मात्र सगळ्यांना एकाच मापाने हाकत राहतो.

६. हीच संहिता वाचली, तरी रेकॉर्डिंग साडेसात मिनिटांत संपलं. आता ते लांबवता येईल का?

फाइल ताणून लांबवू नका, आवाज कृत्रिम होतो. आधी वेळ कुठे गेला ते शोधा. तो नेहमी दोनच ठिकाणी जातो.

तुम्ही मिनिटाला ८० ऐवजी १२० शब्दांनी वाचलं असेल तर २८८ शब्दांना २१६ ऐवजी १४४ सेकंद लागले. इथे ७२ सेकंद गेले. विराम अंदाजाने घेतले आणि प्रत्येक विराम चौथा हिस्सा आखूड पडला, तर ३०४ मधले ७६ सेकंद गेले. दोन्ही मिळून १४८ सेकंद, आणि हाती राहिले ७ मिनिटं ३२ सेकंद. म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग.

विरामांचा इलाज सोपा आहे. रेकॉर्ड करताना ते मोजूच नका. प्रत्येक वाक्य म्हणा, दोन सेकंद थांबा, पुढचं म्हणा. मग Audacity सारख्या मोफत संपादकात प्रत्येक विराम हव्या त्या लांबीचा करा. पण Generate → Silence वापरून पूर्ण निःशब्द तुकडा घालू नका. बोलताना मागे खोलीची जी बारीक घरघर असते ती अचानक तुटते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. त्याऐवजी रेकॉर्डिंगच्या आधी त्याच खोलीत, फोन त्याच जागी ठेवून, काही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. त्या शांततेचे तुकडे कापून विरामांत भरा.

गतीचा इलाज संपादनात होत नाही, पुन्हा वाचावं लागतं. भाग १ मध्ये ५९ शब्द आहेत. ते विरामाशिवाय वाचायला ४४ सेकंद लागतात का, तेवढं घड्याळ लावून पाहा. तीसच्या आसपास संपत असेल तर प्रत्येक वाक्याचं क्रियापद थोडं उतरवून म्हणा: ‘असू द्या’, ‘पडू द्या’. शब्दांमध्ये अंतर टाकत गेलात तर वाचन रोबोसारखं तुटक होतं. वाक्याचा शेवट उतरवला तर ते होत नाही.

७. पाय ताणायला सांगितल्यावर पोटरीत गोळा येतो. तो भाग काढू का?

काढू नका, दिशा बदला. ‘बोटं पुढे ताणा’ असं सांगितलं की पोटरीचा स्नायू आखडतो आणि गोळा येण्याची शक्यता वाढते. संहितेत म्हणूनच बोटं नडगीकडे, म्हणजे वरच्या बाजूला ओढायला सांगितली आहेत. त्याने पोटरी ताणली जाते. ‘अर्ध्याच जोराने’ हेही तसंच ठेवा. दिवसभर शेतात किंवा मासळीच्या टोपल्या वाहून दमलेल्या पायांना पूर्ण जोर झेपत नाही.

आवळून मग सोडण्याची ही पद्धत अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बसवली. त्यांच्या मूळ पद्धतीत एकेका स्नायूगटावर पूर्ण बैठक जाई. दहा मिनिटांत चारच गट घेता येतात, आणि चारच घ्यावेत. आठ गट कोंबले की प्रत्येकाला सोडल्यानंतरचे १५ सेकंद मिळत नाहीत. सगळा उपयोग त्या पंधरा सेकंदांतच आहे. पाच सेकंद आवळणं हे फक्त फरक कळावा म्हणून.

हाताला किंवा खांद्याला दुखापत असणाऱ्याने तो गट न आवळता नुसतं तिकडे लक्ष न्यावं. हे रेकॉर्डिंगमध्ये घालण्याऐवजी सोबतच्या मजकुरात लिहा.

८. मागे समुद्राची गाज लावली तर चालेल का?

चालेल, पण श्वासाच्या खुणा म्हणून नाही. लाटा घड्याळाप्रमाणे येत नाहीत. दोन लाटांमधलं अंतर सतत बदलतं, आणि ऐकणारा नकळत लाटेबरोबर श्वास घ्यायला जातो. तुम्ही ‘बाहेर’ म्हणता तेव्हा लाट चढत असते. म्हणून भाग २ मध्ये गाज पूर्ण बंद ठेवा. भाग ३ च्या सुरुवातीला दहा सेकंदांत हळूहळू आणा आणि भाग ५ सुरू होताना तशीच उतरवा. आवाज बोलण्यापेक्षा २० डेसिबलने खाली असला की पुरे. लाट ऐकू आली पाहिजे, पण लक्ष तिच्याकडे जाता कामा नये.

आपल्याला किनारा जवळ आहे, तेव्हा गाज स्वतःच रेकॉर्ड करा. सकाळी लवकर जा, कारण दिवस तापला की समुद्रावरून येणारा वारा वाढतो आणि फोनच्या माइकवर नुसती फडफड येते. सुरूच्या बनाच्या आडोशाला थांबा. उतार सौम्य असलेल्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी लाट दूर फुटते आणि आवाज मऊ येतो. भरतीला ती जवळ आदळते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, त्याप्रमाणे दिवस निवडा. सलग सहा मिनिटांचा तुकडा घ्या. एक मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला तर एखादी मोठी लाट ठरावीक वेळाने परत येते, आणि कान ती लगेच पकडतो.

९. मग संहितेत ‘तुम्ही समुद्रकिनारी आहात’ असं का नाही? कोकणातल्या माणसाला तेच जवळचं ना?

जवळचं आहे, म्हणूनच जपून. ज्यांच्या घरची माणसं होडीवर जातात, त्यांच्या मनात समुद्र म्हणजे विसावा असेलच असं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. ज्यांची घरं, बागा, होड्या त्यात गेल्या, त्यांना डोळे मिटून लाटा ऐकायला लावणं बरं नाही. घरातलं माणूस समुद्राने नेलं असेल तर अधिकच.

भाग ४ मध्ये म्हणून तीन जागांची नावं सुचवली आहेत आणि निवड ऐकणाऱ्यावर सोडली आहे. पुढचे प्रश्नही उघडे आहेत: उजेड कुठून येतो, अंगाखाली काय आहे. तुम्ही ‘पिवळा उजेड, थंड वाळू’ असं भरून दिलंत, तर ज्याने मनात पडवी आणली आहे त्याचं चित्र मोडतं. त्याच कारणाने गाजेशिवायची एक प्रतही नेहमी तयार ठेवा.

१०. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज असतो. रेकॉर्ड कधी आणि कुठे करायचं?

जुन्या घरात माजघर असेल तर तिथे. त्याला बाहेरची भिंत कमी असते, आवाज कमी येतो. नवीन स्लॅबच्या खोलीत उलट अडचण असते: गुळगुळीत भिंती आणि लाद्या यांमुळे आवाज घुमतो. जमिनीवर गादी घाला, तुमच्या पाठीमागे आणि समोर दोरीवर जाड गोधड्या टाका. टाळी वाजवून पाहा. टाळीमागे घुमणारी शेपूट ऐकू येत नसेल तर खोली तयार आहे.

फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, तोंडासमोर नव्हे तर थोडा बाजूला ठेवा. ‘फ’, ‘भ’, ‘प’ यांचा फुत्कार माइकवर बसत नाही. पंखा बंद. कोकणातल्या दमट हवेत हे जड जातं, पण रेकॉर्डिंग भागाभागाने करायचं असल्याने दोन-तीन मिनिटांनी पंखा लावता येतो. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या शब्दाला उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

पत्र्यावरच्या जोरदार सरीत रेकॉर्ड करू नका. ती नंतर गाळणीने काढायला गेलात तर आवाजही पाण्याखालून आल्यासारखा होतो. बारीक, एकसारखी रिपरिप असेल तर हरकत नाही, मात्र विरामांतही तीच रिपरिप असली पाहिजे (प्रश्न ६ मधला शांत तुकडा त्याच वेळी घ्या). संध्याकाळ बेडूक आणि रातकिड्यांची. दुपारची जेवणं झाल्यावरचा वेळ बहुतेक गावांत सर्वांत शांत मिळतो. बंदराजवळ राहणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सोयीची. यांत्रिक होड्यांची इंजिनं तेव्हा थांबलेली असतात.

११. श्वासाकडे लक्ष दिलं की उलट छाती भरून येते, घाबरल्यासारखं होतं. अशांसाठी काय?

हे अनेकांना होतं, आणि त्यांना ‘सराव करा, जमेल’ म्हणून तेच पुन्हा ऐकवू नये. त्यांच्यासाठी भाग २ बदला. हा पर्यायही बरोबर दोन मिनिटांचा आहे:

आता अंगाचे स्पर्श आणि आवाज, एवढ्यांकडेच लक्ष द्या.
डावं पाऊल कुठे टेकलं आहे ते पाहा. [१५]
उजवं पाऊल. [१५]
दोन्ही तळहात. [१५]
सर्वांत जवळचा आवाज ऐका. [१५]
त्याहून दूरचा. [१५]
सर्वांत दूरचा. [२५]

मग पुढचे श्वासाचे उल्लेखही काढावे लागतात. भाग ३ मध्ये ‘श्वास बाहेर सोडताना’ आणि ‘श्वास सोडत’ यांच्या जागी ‘आता’ म्हणा. ‘श्वास चालूच ठेवा’ ठेवा, ते सुरक्षिततेसाठी आहे. त्याच भागातल्या शेवटच्या वाक्यात ‘श्वासासोबत’ऐवजी ‘हळूहळू’, भाग ४ मध्ये ‘श्वासावर’ऐवजी ‘पावलांवर’. भाग ५ मधल्या दोन श्वासांच्या जागी ‘तळव्यांखालचा आधार जाणवू द्या’ आणि उरलेला वेळ विराम. डोळे उघडे ठेवायची सवलत भाग १ मध्ये आहेच. या प्रतीत ती दोनदा सांगा.

ऐकताना जुना भयानक प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, किंवा घाबरलेपण नंतरही तासन्‌तास टिकत असेल, तर रेकॉर्डिंग थांबवून डॉक्टरांना भेटावं.

१२. दमा, गरोदरपण, रक्तदाब असणाऱ्यांनी ऐकावं का?

ऐकता येतं, थोड्या बदलाने. दमा असणाऱ्याला पाठीवर आडवं होऊन जड वाटत असेल तर टेकून बसावं. सहा सेकंद सोडणं अवघड गेलं तर चार-चार ठेवावं. दम लागलेला असताना हे लावायचं नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यायचं.

गरोदरपणाच्या निम्म्या काळानंतर पाठीवर उताणं पडून राहिलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येऊ शकते. भाग १ ची पहिली ओळ त्यांच्यासाठी ‘डाव्या कुशीवर वळा, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या’ अशी करा. पुढे ‘हात अंगापासून थोडे दूर’ आणि ‘पायांत थोडं अंतर’ या ओळी गाळा, तेवढा वेळ विरामात द्या.

रक्तदाब जास्त असणाऱ्याने स्नायू आवळताना श्वास कोंडू नये, कारण श्वास कोंडून जोर लावला की दाब काही क्षण बराच चढतो. ‘श्वास चालूच ठेवा’ ही ओळ अशा श्रोत्यांसाठी चारही गटांत घाला. गोळ्या चालू असतील तर त्या या दहा मिनिटांच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत.

१३. बहुतेकांना मध्येच झोप लागते. हे चुकतंय का?

रात्री ऐकत असतील तर चांगलंच आहे. त्यांच्यासाठी भाग ५ न घालता वेगळी प्रत काढा. भाग ४ च्या शेवटच्या वाक्यानंतर खोलीची शांतता किंवा गाज ९० सेकंद हळूहळू शून्यावर न्या. ‘डोळे उघडा’ ऐकून दचकून जागं होण्यापेक्षा हे बरं. दुपारी ऐकणाऱ्यांना जागं राहायचं असेल तर खुर्चीत बसून ऐकावं आणि जेवल्यावर तासाभराने.

१४. मालवणीत किंवा आमच्या बोलीत रेकॉर्ड केलं तर?

जरूर, जर वाचणाऱ्याच्या घरात ती बोली बोलली जात असेल. नक्कल केलेली बोली ऐकणाऱ्याला लगेच कळते, आणि त्याचं लक्ष उच्चारांवर राहतं. शब्दांची संख्या बदलेल, तेव्हा प्रश्न १ मधला हिशेब पुन्हा करा आणि फरक लांब विरामांत भरून काढा. पाच सेकंदांच्या ‘धरा’ विरामांना हात लावू नका.

१५. फाइल किती मोठी होईल? गावात नेट कमी येतं.

मोनो, ६४ केबीपीएसची एमपी३ फाइल दहा मिनिटांना सुमारे ४.८ एमबी होते. एका माणसाच्या आवाजाला ती पुरते. मागे गाज असेल तर १२८ ठेवा, कारण लाटेचा सळसळता आवाज कमी दराला खरखरीत होतो, फाइल ९.६ एमबीची होईल. फाइलच्या नावातच ‘श्वासासह’, ‘श्वासाविना’, ‘रात्रीची’ असं लिहा, म्हणजे पुढे पाठवणाऱ्याकडून अदलाबदल होणार नाही. सोबतच्या संदेशात एक ओळ हवीच: गाडी किंवा होडी चालवताना, चुलीवर काही ठेवलेलं असताना आणि लहान मूल एकटं सांभाळताना हे लावू नका.